वॉटर मिस्ट यंत्रणा: संग्रहालय आणि जहाजासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉटर मिस्ट म्हणजे नेमकं काय? स्प्रिंकलरचाच बारीक अवतार का?

दिसायला तसंच वाटतं, पण काम करण्याची पद्धत वेगळी आहे. स्प्रिंकलर जळणारी वस्तू भिजवतो. मिस्ट, म्हणजे आगीवर सोडलेलं पाण्याचं बारीक धुकं, मुख्यतः ज्वाला आणि तिच्या भोवतालची तापलेली हवा थंड करतं.

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ७५० या मानकाची व्याख्या बरीच सैल आहे. फवाऱ्यातल्या एकूण पाण्यापैकी ९९ टक्के पाणी १००० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे १ मिलिमीटरपेक्षा, लहान थेंबांत असलं की झालं मिस्ट. १ मिलिमीटरचा थेंब म्हणजे पावसाची चांगली सर, त्यामुळे नुसत्या ‘मिस्ट’ या शब्दावरून फारसं काही कळत नाही. विचारायचं ते दाबाबद्दल. साधारण १२ बारपर्यंत कमी दाब, तिथून ३४.५ बारपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च दाब. जहाजांवर आणि संग्रहालयांत ज्या यंत्रणांची जास्त चर्चा होते त्या उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या नोझलवर ६० ते १२० बार दाब असतो आणि बहुतेक थेंब ५० ते २०० मायक्रॉनचे असतात. पुढची उत्तरं मुख्यतः याच गटाबद्दल आहेत.

इतक्या कमी पाण्यात आग थंड कशी होते?

१ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर वाफ व्हायला आणखी २२५७ किलोज्यूल घेतं. म्हणजे पाण्याची उष्णता खाण्याची जवळजवळ सगळी ताकद वाफ होण्यात आहे. जे पाणी ज्वालेतून जाऊन कोमट होतं आणि जमिनीवर सांडतं, त्याने आपल्या ताकदीचा किरकोळ भागच वापरलेला असतो.

पाण्याची वाफ त्याच्या पृष्ठभागावरून होते, म्हणून पृष्ठभाग वाढवायचा. ओलं कापड घडी घालून ठेवलं तर दिवसभर वाळत नाही, दोरीवर पसरलं की तासाभरात वाळतं, तत्त्व तेच. १ लिटर पाण्याचे १ मिलिमीटरचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. ०.१ मिलिमीटरचे केले तर ६० चौरस मीटर. शिवाय थेंब पूर्ण वाफ व्हायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला की वेळ शंभरपट कमी होतो. मोठा थेंब ज्वाला ओलांडून जाईपर्यंत शाबूत राहतो, लहान थेंब वाटेतच संपतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आकड्यात बघा. मिनिटाला २० लिटर सोडणारं एक नोझल म्हणजे सेकंदाला ०.३३ किलो पाणी. ते सगळं वाफ झालं तर सुमारे ०.८६ मेगावॉट उष्णता शोषली जाते. स्पंजची एक गुबगुबीत खुर्ची पूर्ण पेटली की साधारण १ ते २ मेगावॉट उष्णता देते. ज्वाला विझायला तिची सगळी उष्णता काढून घ्यावी लागत नाही. ठरावीक वाटा काढला की रासायनिक साखळीच तुटते. म्हणून हिशेब कागदावर दिसतो त्यापेक्षा अनुकूल निघतो, मात्र थेंब ज्वालेत पोहोचले तरच.

यासोबत एक दुय्यम पण उपयोगाचं काम होतं. धुक्याचा पडदा ज्वालेतून किरणांनी पसरणारी उष्णता अडवतो, त्यामुळे शेजारची वस्तू पेट घ्यायला वेळ लागतो. भिंतीवर ओळीने चित्रं टांगलेली असतात तिथे याचं मोल मोठं.

मग थेंब जितका बारीक तितका चांगला का?

नाही. विक्रेत्यांची माहितीपत्रकं इथेच फसवतात.

०.१ मिलिमीटरचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम पाव मीटर वेगाने खाली येतो. जोरात पेटलेल्या आगीवरचा गरम धूर सेकंदाला काही मीटर वेगाने वर जात असतो. थेंब नुसता सोडून दिला तर तो आगीत उतरणारच नाही, धुरासोबत छताला जाऊन बसेल. त्याला खाली ढकलणारा जोर नोझलच्या दाबातून येतो. उच्च दाबाची धार आजूबाजूची हवाही ओढत नेते आणि थेंब त्या झोताबरोबर ज्वालेत शिरतात. पण हा जोर काही मीटरमध्ये ओसरतो. म्हणून प्रत्येक नोझलला छताची कमाल उंची ठरवून दिलेली असते. ५ मीटरला चाचणी झालेलं नोझल ८ मीटरच्या दालनात लावणं म्हणजे वर सुंदर धुकं आणि खाली आग.

दुसरं असं की लाकूड, कापड, कागद यांची धग आत जाते. तिथे पृष्ठभाग ओला व्हावाच लागतो आणि त्यासाठी थोडे जाड थेंब हवेत. चांगल्या नोझलमध्ये मधलं छिद्र जाड थेंब आणि कडेची छिद्रं बारीक थेंब देतात, हे मिश्रण मुद्दाम केलेलं असतं.

वाफेमुळे ऑक्सिजन हटतो म्हणतात. मग लहान आग का विझत नाही?

हा प्रश्न समजला की यंत्रणेची निम्मी मर्यादा समजली.

पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं आणि ती तेवढी हवा बाजूला सारते. पण हवेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. २० अंशांची हवा वाफेने पूर्ण भरली तरी तिच्यात वाफ सुमारे २.३ टक्केच असते, ऑक्सिजन जवळपास तसाच राहतो. ५० अंशांवर वाफ १२ टक्क्यांपर्यंत जाते आणि ऑक्सिजन २०.९ वरून सुमारे १८.४ टक्क्यांवर येतो. ७० अंशांवर वाफ ३१ टक्के होते आणि ऑक्सिजन १४.४ टक्क्यांपर्यंत घसरतो. त्यात आगीने स्वतः खाल्लेला ऑक्सिजन वजा करा. इतक्या विरळ हवेत बहुतेक ज्वाला तग धरत नाहीत.

म्हणजे खोली तापवण्याइतकी मोठी आग असेल तर ती स्वतःच स्वतःचा गळा आवळते, अगदी नोझलच्या थेट माऱ्याबाहेर असली तरी. उलट मोठ्या खोलीत यंत्राच्या आडोशाला लहानशी आग असेल तर खोली तापत नाही, वाफ साठत नाही, ऑक्सिजन पुरेसा राहतो आणि ती आग शांतपणे जळत राहते. त्यामुळे मिस्टच्या चाचण्यांत अवघड परीक्षा असते ती आडोशाच्या लहान आगीची.

यातूनच वायुविजनाचा नियम येतो. पंखे चालू राहिले किंवा दार उघडं राहिलं तर तयार झालेली वाफ बाहेर जाते आणि ताजी हवा आत येते. आग आटोक्यात राहील, पण विझेलच असं नाही. खोली गॅस सोडून आग विझवणाऱ्या यंत्रणेला लागते तेवढी हवाबंद असण्याची मात्र गरज नाही.

संग्रहालयात कुठे बसते?

मध्यम उंचीच्या छताची दालनं, संग्रह साठवण्याच्या खोल्या, लाकडी ऐतिहासिक इमारती आणि त्यांचे छपराखालचे पोटमाळे, वाचनकक्ष. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं छप्पर १५ एप्रिल २०१९ च्या आगीत गेलं; पुन्हा उभारलेल्या लाकडी सांगाड्यात मिस्ट यंत्रणा बसवली आहे. अशा जागी पाण्याच्या बचतीइतकाच नळ्यांचा फायदा असतो. स्प्रिंकलरची मुख्य नळी १०० मिलिमीटरची असू शकते, तर मिस्टची शाखा १२ ते २० मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टील ट्यूबमध्ये भागते. ती वाकवता येते, कंगोऱ्यामागे दडवता येते, जुन्या तुळईला मोठं भोक पाडावं लागत नाही.

कुठे बसत नाही, तेही सांगतो. घुमट आणि अनेक मजली उंच चौक, जिथे छत नोझलच्या मान्य उंचीच्या वर आहे. रुळांवर सरकणारी घट्ट कपाटं, कारण बंद कपाटाच्या आत धुमसणाऱ्या कागदापर्यंत धुकं जात नाही. नायट्रेटची जुनी चित्रफीत, कारण ती स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते आणि पाण्याखालीही जळते. सोडियम किंवा मॅग्नेशियमसारखे पाण्याशी भिडणारे धातू. अल्कोहोलमध्ये नमुने ठेवलेल्या बरण्यांची खोली बसू शकते, पण फक्त त्या इंधनाची चाचणी दाखवता आली तर.

एका दालनाचा हिशेब करून दाखवाल का?

समजा दालन १६ मीटर बाय ९ मीटर आहे, म्हणजे १४४ चौरस मीटर, आणि छत ४ मीटर. निवडलेल्या नोझलला त्या उंचीवर ४ मीटर बाय ३ मीटर अंतर मान्य आहे. मग लांबीत चार आणि रुंदीत तीन, अशी १२ नोझल्स लागतात. भिंतीपासूनचं अंतर या अंतराच्या निम्मं, म्हणजे २ मीटर आणि १.५ मीटर.

नोझलचा प्रवाह या सूत्रातून निघतो:

```
Q = K × √P
```

Q म्हणजे लिटर प्रति मिनिट, P म्हणजे नोझलवरचा दाब बारमध्ये, K म्हणजे नोझलचा स्थिरांक. K = 2 आणि P = 100 बार घेतला तर प्रवाह मिनिटाला २० लिटर. तुलनेला K = 80 चा साधा स्प्रिंकलर १ बारवर मिनिटाला ८० लिटर सोडतो.

सगळी १२ नोझल्स उघडली असं धरून रचना करू: मिनिटाला २४० लिटर. ६० मिनिटांचा साठा धरला तर १४.४ घनमीटर टाकी. त्याच दालनावर स्प्रिंकलर मिनिटाला ५ मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर, या घनतेने बसवले तर मिनिटाला ७२० लिटर आणि ६० मिनिटांना ४३.२ घनमीटर. म्हणजे इथे पाणी एक तृतीयांशावर आलं. ‘दहा टक्के पाण्यात काम’ असे दावे ऐकू येतात, त्यात बरेचदा मिस्टसाठी कमी वेळ आणि स्प्रिंकलरसाठी जास्त वेळ धरलेला असतो. तुलना करताना वेळ दोन्हीकडे सारखीच घ्या.

प्रत्यक्ष आगीत चित्र अजून वेगळं असतं. दालनात उष्णतेने फुटणाऱ्या काचेच्या बल्बची नोझल्स असतील तर आगीवरची एक-दोनच उघडतात. दहा मिनिटांत २०० ते ४०० लिटर पाणी पडतं. स्प्रिंकलर असते तर ८०० ते १६०० लिटर. खालच्या मजल्यावर पाणी झिरपलं की नाही, हे या फरकावर ठरतं.

आता किंमत कुठे मोजावी लागते ते बघा. नळीतला तोटा धरून पंपावर १२० बार हवेत. पंपाची नुसती जलशक्ती लिटर प्रति मिनिट गुणिले बार भागिले ६०० या हिशेबाने ४८ किलोवॉट येते, आणि पंपातला तोटा धरला की पन्नाशीच्या पुढे. स्प्रिंकलरचा पंप ७२० लिटर ७ बारला देताना ८.४ किलोवॉटवर भागवतो. पाणी वाचतं, पण वीज आणि पंपाची जागा जास्त लागते. जुन्या इमारतीत एवढी वीज कुठून आणायची आणि आग लागल्यावर ती टिकेल का, हे टाकीच्या आधी ठरवावं. वीज भरवशाची नसेल तर डिझेल पंप किंवा दाबाखालच्या नायट्रोजन सिलिंडरचा संच हे पर्याय आहेत. सिलिंडरमध्ये पाणी मर्यादित असतं आणि सोडत जाईल तसा दाब उतरतो, म्हणून शेवटच्या मिनिटाचा दाब नोझलच्या किमान दाबाखाली जात नाही ना, हे तपासावं.

चित्रं आणि कागद भिजणार नाहीत का?

भिजतील. कमी भिजतील, एवढंच. कुणी ‘कोरडं धुकं’ म्हणून विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. नोझलच्या थेट खालची वस्तू ओली होते आणि दालनाची आर्द्रता काही मिनिटांत शंभर टक्क्यांच्या आसपास जाते. काजळीही ओलाव्यासोबत पृष्ठभागावर बसते.

तरीही तुलना कोरड्या दालनाशी करायची नसते. २ सप्टेंबर २००४ रोजी वायमारच्या ॲना अमालिया ग्रंथालयाला आग लागली तेव्हा सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले आणि सुमारे ६२,००० आग व पाण्याने खराब झाले. ओला ग्रंथ वाचवता येतो, जळालेला नाही. अग्निशामक दलाचा एक होजपाइप मिनिटाला काही शे लिटर ओततो, आणि तेही नेमकं कुठे पडेल सांगता येत नाही.

चुकून सुटण्याची भीती असेल तर प्री-ॲक्शन रचना घ्या. तिच्यात नळ्या कोरड्या असतात. धूरशोधकाने इशारा दिला की सेक्शन व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नळीत येऊन थांबतं. नोझलचा बल्ब उष्णतेने फुटला तरच ते बाहेर पडतं. कुणाची शिडी लागून बल्ब फुटला तर अलार्म वाजेल, पाणी येणार नाही. बदल्यात व्हॉल्व्ह, शोधक आणि पॅनेल असे बिघडू शकणारे भाग वाढतात, आणि पाणी पोहोचायला काही सेकंद जास्त लागतात. बल्बचं तापमान बहुतेक दालनांत ५७ अंश (नारिंगी) किंवा ६८ अंश (लाल) असतं. काचेच्या छताखाली ऊन तापत असेल तर वरची श्रेणी घ्यावी.

जहाजांनी ही पद्धत आधी का उचलली?

जहाजावर पाण्याचं वजन सोसावं लागतं, आणि आग विझवताना सांडलेलं पाणी डेकवर मोकळं हिंदकळू लागलं की स्थैर्यालाच धोका. पातळ नळी आणि कमी पाणी ही दोन्ही गोष्टी तिथे थेट उपयोगी पडतात.

नियमांनीही रेटा दिला. ७ एप्रिल १९९० रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी फेरीबोटीच्या आगीत १५९ माणसं मेली. त्यानंतर प्रवासी जहाजांचे अग्निसुरक्षा नियम कडक झाले आणि स्प्रिंकलरची गरज वाढली. १९९५ साली आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराव ए.८००(१९) मंजूर केला, त्यात स्प्रिंकलरला समतुल्य यंत्रणा कोणत्या चाचण्यांनी मान्य होईल हे ठरलं. मिस्टला दार उघडलं ते तिथे. इंजिनरूममध्ये कारण निराळं होतं: माँट्रियल करारामुळे आग विझवणारा हॅलॉन वायू बंद होत गेला आणि पर्यायी कार्बन डायऑक्साइड माणसाला मारतो. मिस्ट सुरू असताना आत राहिलेला माणूस श्वास घेऊ शकतो, जरी समोरचं दिसणं बंद होतं आणि गरम धुराचा थर क्षणभर खाली ढकलला जातो.

इंजिनरूममध्ये ‘लोकल ॲप्लिकेशन’ आणि ‘टोटल फ्लडिंग’ यांत फरक काय?

टोटल फ्लडिंग संपूर्ण जागा भरतं. त्यासाठी पंखे बंद करावे लागतात, इंधन तोडावं लागतं, म्हणजे जहाज काही काळ इंजिनाविना राहतं. लोकल ॲप्लिकेशन फक्त धोक्याच्या ठिकाणी मारा करतं: इंजिनाचा इंधनाकडचा भाग, बॉयलरचा पुढचा भाग, इन्सिनरेटर, तापवलेल्या इंधनाचे प्युरिफायर. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमानुसार ५०० टनेजपासूनच्या प्रवासी आणि २००० टनेजपासूनच्या मालवाहू जहाजांवर, ५०० घनमीटरपेक्षा मोठ्या ‘ए’ वर्गाच्या यंत्रकक्षांत ती लागते. ती सोडताना इंजिन बंद करण्याची, माणसं बाहेर काढण्याची किंवा जागा सील करण्याची अट नसते. किमान २० मिनिटं सलग पाणी मिळालं पाहिजे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. उच्च दाबाच्या इंधननळीला चीर पडली आणि डिझेलचा फवारा टर्बोचार्जरकडे उडाला. नियमानुसार २२० अंशांपेक्षा जास्त तापणाऱ्या पृष्ठभागावर आवरण हवं, पण दुरुस्तीनंतर एक फ्लँज उघडा राहिला. फवारा पेटतो. चाचणीत वापरतात ती ६ मेगावॉटची आग म्हणजे मिनिटाला जेमतेम १० लिटर डिझेलची गळती. १ मेगावॉट म्हणजे पावणेदोन लिटरही नाही. लोकल नोझल्स लगेच सुटली तर ज्वाला तुटते. पण गळती चालूच आहे आणि फ्लँज अजून तापलेला आहे. मिस्ट लवकर थांबवलं तर तोच फवारा पुन्हा पेट घेतो. म्हणून क्रम असा: नोझल सोडा, त्या इंजिनाचं इंधन तोडा, धातू थंड होईपर्यंत पाणी चालू ठेवा, आणि मगच थांबवा. ‘आग विझली’ म्हणून तिसऱ्या मिनिटाला पंप बंद करणं, ही इथली सर्वांत महाग घाई.

साधे स्प्रिंकलर काढून त्याच नळ्यांवर मिस्टची नोझल्स लावता येतील का?

नाही. उच्च दाबाला त्या नळ्या आणि जोड टिकणार नाहीत, आणि त्यांच्यातला गंज पहिल्याच दिवशी छिद्रं बुजवेल. कमी दाबाच्या काही नोझल्सना हे जमू शकतं, पण नळी आतून स्वच्छ असेल आणि उत्पादकाने लेखी मान्य केलं असेल तरच.

विजेच्या उपकरणांवर चालतं का?

स्वच्छ, क्षारमुक्त पाण्याचं धुकं हवेत असताना वीज फारशी वाहत नाही. पण ते पृष्ठभागावर साचलं, धुळीत मिसळलं की वाहू लागतं. पुरवठा तोडण्याची सोय ठेवाच.

प्रत्यक्षात काय बिघडतं, आणि ते कळतं कसं?

पहिला मान छिद्रं बुजण्याचा. उच्च दाबाच्या नोझलची छिद्रं एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतात. नळी कापतानाचा बुरादा, जोडावरच्या टेपचा तुकडा, टाकीतला गंज, यातलं काहीही पुरतं. प्रत्येक नोझलमध्ये गाळणी असते आणि तिची जाळी सर्वांत बारीक वाटेच्या ८० टक्क्यांपेक्षा मोठी नसावी. नोझल बसवण्याआधी नळ्या जोरात धुवून काढायच्या, हा टप्पा घाईत गाळला जातो. लक्षण असं: फवाऱ्याचा शंकू एका बाजूला झुकलेला दिसतो किंवा त्यात रिकामी फट असते. खात्री करायची तर नोझलवर पिशवी बांधून पाणी टाकीत घ्या आणि एक मिनिट मोजा. १०० बारला २० लिटर यायला हवेत. १६ लिटर आले तर K दोनवरून १.६ वर आला आहे, म्हणजे पाचवा हिस्सा वाट बंद. गेजवरचा दाब मात्र अगदी ठणठणीत दिसत राहतो, कारण अडलेल्या नोझलच्या आधी दाब कमी होत नाही. नुसतं गेज बघून ‘ठीक’ लिहिणाऱ्या तपासणीला म्हणूनच अर्थ नाही.

दुसरं, पाणी. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टीलही साचलेल्या खाऱ्या पाण्यात खड्डे पडून गळतं. जहाजावर गोडं पाणी संपल्यावर समुद्राचं वापरावं लागलं तर नंतर संपूर्ण जाळं गोड्या पाण्याने धुवावं, शेवटच्या नोझलपर्यंत. नुसता पंप धुवून उपयोग नाही.

तिसरं, मंद गळती. ओल्या नळ्यांच्या यंत्रणेत छोटा जॉकी पंप दाब टिकवतो आणि दाब एकदम पडला की मुख्य पंप सुरू होतो. जॉकी पंपाची सुरू होण्याची संख्या नोंदवा. आठवड्याला दोनदा सुरू होणारा पंप रोज दहा वेळा सुरू होऊ लागला तर कुठेतरी जोड किंवा चेक व्हॉल्व्ह गळतोय.

चौथं माणसांचं. इंजिनरूममध्ये वेल्डिंगच्या वेळी खोटे इशारे येतात म्हणून स्वयंचलित सुटका ‘मॅन्युअल’वर टाकली जाते आणि तशीच राहते. नोझलवर रंगाचा हात फिरतो. फुटलेल्या नोझलच्या जागी दिसायला सारखं पण वेगळ्या K चं नोझल लागतं. नवीन केबल ट्रे किंवा वायुवाहिनी बरोबर माऱ्याच्या रेषेत येते. संग्रहालयात हेच प्रदर्शनाच्या तात्पुरत्या भिंतींमुळे होतं: छतापर्यंतची प्लायवूडची भिंत उभी राहिली की एका नोझलचं क्षेत्र दोन खोल्यांत तुटतं. दालनाची मांडणी बदलणाऱ्या प्रत्येक आराखड्यावर अग्निसुरक्षा बघणाऱ्याची सही घेण्याची पद्धत ठेवली, तर यातलं बरंच टळतं.

कंत्राट देण्याआधी कोणता एक कागद मागावा?

चाचणीचा अहवाल. स्प्रिंकलरसाठी क्षेत्रफळावरून घनतेचा तक्ता चालतो. मिस्टला तसा सर्वांना लागू होणारा तक्ता नाही. मान्यता असते ती ठरावीक नोझल, ठरावीक दाब, अंतर, छताची उंची आणि ठरावीक प्रकारची आग या जोडगोळीला. अहवालातला प्रत्येक आकडा आपल्या जागेशी ताडून बघा. इंजिनरूमच्या तेलाच्या आगीवर पास झालेलं नोझल पुस्तकांच्या मांडणीवर काय करेल, हे त्या अहवालातून कळत नाही. ‘विझवणं’ सिद्ध झालं आहे की फक्त ‘आटोक्यात ठेवणं’, तेही शोधा. संग्रहालयांतल्या बऱ्याच मान्यता दुसऱ्या प्रकारच्या असतात. म्हणजे शेवटची धग विझवायला माणूस लागणारच, आणि तो किती मिनिटांत पोहोचतो यावर पाण्याचा साठा ठरवायचा.

यंत्रणा सुटल्यानंतर संग्रहाचं काय करायचं?

आग पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावरच सेक्शन व्हॉल्व्ह बंद करा. तिथे एक माणूस उभा ठेवा, म्हणजे गरज पडल्यास लगेच उघडता येईल. मग वीज तोडलेली असल्याची खात्री करून दालनात शिरा. आधी नोझलखालच्या वस्तू हलवा, मग कडेच्या. खोली तापवून वाळवू नका. उष्णतेने लाकूड तडकतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता काढणारी यंत्रं आणि सौम्य हवा खेळती ठेवा. ४८ तासांच्या आत कोरडं झालं नाही तर बुरशी धरते. ओले ग्रंथ तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नसेल तर ते गोठवून ठेवावेत, त्याने नुकसान थांबतं आणि पुढे सवडीने वाळवता येतात. चित्रांवरची ओली काजळी पुसायला जाऊ नका, ती आत चोळली जाते. ते काम संवर्धकाचं.

फुटलेली नोझल्स बदलताना K आणि बल्बचं तापमान जुन्या खुणेशी जुळवा, गाळण्या उघडून धुवा, आणि टाकी पुन्हा भरून दाब स्थिर झाला की मगच दालन लोकांसाठी उघडा. तोवर त्या दालनात रात्रंदिवस पहारा लागतो.